बाईंच्या निरोपाचं गाणं: सातवीच्या वर्गासोबतच्या नोंदी

६ जानेवारी

आज ठरलं. गणिताच्या बाई ३१ तारखेला रिटायर होतायत आणि सातवीचा वर्ग त्यांच्यासाठी गाणं म्हणणार. पेटी मला येते म्हणून काम माझ्याकडे आलं. मुलं ३६, रोज शेवटच्या तासातली वीस मिनिटं, कार्यक्रमात आपल्याला चार मिनिटं. मुलांचं म्हणणं होतं की एखाद्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवू म्हणजे चाल शिकायला नको. मी नको म्हटलं, कारण मागे एकदा असं करून बघितलंय, दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा वर्ग मूळ गाण्याच्या शब्दांवर गेलेला असतो, डोक्यात ते इतकं घट्ट बसलेलं असतं की तोंडाला नवीन शब्द सापडत नाहीत. शिवाय ती गाणी एकट्या तयार गळ्यासाठी केलेली असतात, वर्गाने मिळून म्हणायला ती फार खाली जातात नाहीतर फार वर. म्हणून चाल नवी आणि अगदी छोटी, एका दिवसात पाठ होईल अशी. शब्दही मुलांचेच.

७ जानेवारी

सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, बाईंबद्दल एक ओळ लिहा म्हटलं. छत्तीस चिठ्ठ्या आल्या. ज्ञानाचा सागर नऊ वेळा, मायेची सावली सात वेळा, बाकी प्रेमळ, शिस्तप्रिय, दीपस्तंभ. मुलांनी मनापासून लिहिलंय, पण यातून गाणं होणार नाही कारण हे कुठल्याही शिक्षकाला लागू पडतं, गाताना मुलांच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही आणि बाईंनाही त्यात स्वतः दिसणार नाहीत.

उद्या प्रश्न बदलायचा. बाई कशा आहेत असं न विचारता बाई काय करतात ते विचारायचं, डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असं.

८ जानेवारी

फरक पडला! आजच्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन दोनदा वाचल्या. खडू इतका छोटा झालेला असतो की बोटांत दिसतच नाही तरी बाई त्यानेच लिहितात, असं पाच जणांनी लिहिलंय. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बाई एक चौकट काढतात, जे गणित कुणालाच सुटलं नाही ते त्या चौकटीत जातं आणि कुणीतरी सोडवेपर्यंत ते पुसायचं नाही, एकदा अकरा दिवस तसंच राहिलं होतं म्हणे. मुलाला फळ्यापाशी उभं केलं की बाई स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसतात आणि म्हणतात आता तू शिकव. आणि जवळजवळ अर्ध्या वर्गाने एकच गोष्ट लिहिली: बाई चूक असं कधी म्हणत नाहीत, परत बघू म्हणतात.

गाणं इथेच सापडलं. परत बघू हे ध्रुवपद. खडू, चौकट, बाक ही तीन कडवी. बाकीच्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून बाईंना द्यायच्या, गाण्यात सगळं कोंबायचं नाही.

९ जानेवारी

वर्गातल्या दोन मुली आज स्वतःहून एक कडवं लिहून घेऊन आल्या, खूप मेहनत केली होती, म्हणून मी ते वर्गात म्हणून बघायचं ठरवलं. पहिली ओळ अशी:

कृतज्ञतेच्या शब्दसुमनांनी वंदन करतो तुम्हाला

वाचायला छान वाटते. पण ३६ जणांनी एकत्र म्हटल्यावर काय होतं ते मुलींनीच ऐकलं. कृतज्ञतेच्या या एका शब्दात ज्ञ आणि च्य दोन्ही, प्रत्येकाचा ज्ञ वेगळ्या क्षणी येतो आणि मागे बसलेल्याला नुसतं द्न द्न ऐकू येतं. दुसरं म्हणजे एवढ्या लांब ओळीत श्वास घ्यायला जागा नाही, मुलांनी वंदनच्या आधी जिथे जमेल तिथे श्वास घेतला आणि ओळ तुटली. मी त्यांना म्हटलं, एकट्याने म्हणायची कविता असती तर चालली असती, पण वर्गाने म्हणायच्या ओळीत एका श्वासाला चार-पाच सेकंद पुरतील एवढेच शब्द हवेत आणि रोज बोलतो तेच हवेत. त्या दोघींना मी शब्दांच्या टीममध्येच घेतलं, कारण ओळ कुठे अडकते ते आता त्यांना सगळ्यात जास्त कळलंय.

१० जानेवारी

आज नुसतं बोललो. परत बघू हे बाई कसं म्हणतात ते एकेकाने म्हणून दाखवलं, बाई प घाईत नाही म्हणत, आणि बघू-मधला घू जरा लांबवतात, स्वर किंचित वर जातो, प्रश्न विचारल्यासारखा. चालीचा पहिला तुकडा यातूनच आला, बघूवर स्वर वर चढून थांबला पाहिजे. बोलण्याचा चढउतार आणि चालीचा चढउतार एका दिशेला गेले की मुलांना चाल वेगळी पाठ करावी लागत नाही.

१३ जानेवारी

मात्रांचा दिवस. ताल केरवा, आठ मात्रा, पहिलीवर टाळी आणि पाचवीवर खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. मुलांना सांगितलं की ऱ्हस्वाला एक मात्रा आणि दीर्घाला दोन, आता फळ्यावर आठ चौकोन काढून आपली ओळ भरा.

चु क लं ऽ | त र ऽ ऽ
प र त ब | घू ऽ ऽ ऽ

बसली! चुकलं तर-मध्ये सहा मात्रांचे शब्द आणि दोन मात्रा रिकाम्या, परत बघू-चंही तसंच. त्या रिकाम्या दोन मात्रांत श्वास. पहिल्या मात्रेवर च आणि प, दोन्ही ठसठशीत व्यंजनं, म्हणून सगळा वर्ग एकदम सुरू होतो. आणि पाचव्या मात्रेवर नेमका घू येतो, लांबवायला मिळतो.

मग बाकीचं ध्रुवपद करायला घेतलं. शेवटी दीर्घ स्वर हवा हा एकच नियम ठेवला, कारण शेवटचं अक्षर ताणायचं असतं आणि ताणायला आ, ई, ऊ, ए, ओ लागतात, गणित किंवा शब्द यांच्या शेवटी तोंड मिटतं आणि आवाज तिथेच संपतो. एका मुलाने बाई घाई नको म्हणतात हे आठवण करून दिलं, आणि बाई-घाई हे यमक आपोआपच जुळलं. आता असं आहे:

चुकलं तर, परत बघू
थांबू जरा, सोबत बघू
बाई म्हणती, घाई नको
चुकलं तर, परत बघू

आता ही सोळा मात्रांची ओळ, अशा चार. मेट्रोनोम अ‍ॅपवर मिनिटाला १२० लावून मोजलं तर एक ओळ आठ सेकंद आणि पूर्ण ध्रुवपद बत्तीस सेकंद. अर्धी ओळ चार सेकंद, एका श्वासात आरामात.

१५ जानेवारी

चाल केली. मुद्दाम नि घेतलाच नाही, सगळे स्वर शुद्ध आणि बहुतेक शेजारशेजारचे, मोठी उडी कमी.

सा सा ग ऽ | रे सा ऽ ऽ
रे रे ग म | प ऽ ऽ ऽ

प ऽ प ऽ | ध प ऽ ऽ
म ऽ म म | ग रे ऽ ऽ

ग ऽ म ऽ | प ध सां ऽ
सां ऽ ध ऽ | ध प ऽ ऽ

ग ग म ऽ | ग रे ऽ ऽ
रे रे ग रे | सा ऽ ऽ ऽ

म्हणजे पूर्ण गाणं सा ते तार सा एवढ्यातच फिरतं. तार सा फक्त तिसऱ्या ओळीत गाठायचा.

वर्गात शिकवलं आणि काहीतरी बिघडलेलं लगेच जाणवलं. पहिली ओळ ऐकूच येत नव्हती, मुलं पुटपुटत होती, आणि तिसऱ्या ओळीला एकदम आवाज मोठा होत होता. मला आधी वाटलं लाजतायत. मग लक्षात आलं की मी माझ्या पट्टीत धरलंय, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. माझा सा मुलांसाठी जमिनीत गेल्यासारखा खाली आहे, त्या वयात एवढ्या खालच्या स्वराला जोर नसतो, हवाच जास्त येते. म्हणून लाजणं आणि पट्टी चुकणं यातला फरक ओळखायची खूण लिहून ठेवते: लाजलेला वर्ग सगळीकडेच हळू असतो, पट्टी खाली असली तर फक्त खालच्या स्वरांना आवाज जातो आणि वर गेलं की परत येतो.

मग त्याहून वरची एकेक पट्टी लावून बघितली. काळी एक बरी, पांढरी दोन सगळ्यात छान, पहिला सा स्वच्छ आणि तार सा मोकळा. पांढरी तीनला तिसऱ्या ओळीत मुलांच्या हनुवट्या वर जायला लागल्या आणि गाण्याचं ओरडणं झालं. हनुवटी वर गेली की समजायचं पट्टी जास्त झाली. पांढरी दोन फायनल.

आणखी एक बदल याच तासाला झाला. म्हणती-मधला ती नेमका तार सा-वर येतो आणि ई म्हणताना ओठ ताणले जातात, घसा आवळतो, आवाज चिरका निघतो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मॅडम, बाई समोरच बसणार ना, मग बाई म्हणता का नको? म्हणती गेलं, म्हणता आलं. वरच्या स्वरावर आ, तोंड उघडं, आवाज खुला, आणि गाणं बाईंच्याबद्दल होतं ते बाईंशी बोलायला लागलं. एका अक्षराचा बदल पण आख्खं गाणं त्याने वळलं.

१६ जानेवारी

पाच मुलं गातच नाहीयेत. शेवटी त्यांना वेगळं घेऊन बसले. आवाज फुटतोय त्यांचा, बारा-तेराचं वय, वर गेलं की स्वर फाटतो आणि खालचा अजून बसलेला नाही, म्हणून गप्प राहिलेलं बरं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्यावर तार सा-ची जबरदस्ती करायची नाही हे नक्की, ताणून गायलं तर घसा दुखतो आणि फाटलेल्या स्वराची लाज कायमची मनात राहते. पण निरोपाच्या गाण्यात पाच जण नुसते तोंड हलवतायत हेही मला चालणार नाही.

उपाय असा केला. शेवटच्या ध्रुवपदात शेवटच्या ओळीला वर्ग चुकलं तर एवढंच म्हणेल आणि थांबेल, परत बघू हे हे पाच जण बोलतील, गायचं नाही, बाई बोलतात तसंच बोलायचं. त्यातला एक खंजिरी वाजवणार, बाकीच्यांनी मधल्या ओळी आपल्याला जमतील तेवढ्या म्हणायच्या. आज करून बघितलं तर अंगावर काटा आला, सगळा वर्ग थांबतो आणि त्या जाडसर, अर्धवट मोठ्या झालेल्या आवाजात परत बघू ऐकू येतं.

१९ जानेवारी

कडवी. इथे मुलांनी मला मागे टाकलं.

पहिलं आधी असं होतं: नखभर खडू, उरला तरी. सगळ्यांना आवडलं, पण गायला घेतल्यावर ख, भ, ख असे महाप्राण एकामागोमाग आले आणि नुसती हवा सुटायला लागली, लांबून खभखू असं काहीतरी ऐकू येत होतं. हळू म्हटलं की नीट, लयीत म्हटलं की चिखल. कुणाच्या तरी आजी बोटाच्या एका कांड्याला पेर म्हणतात, पेरभर मीठ वगैरे, ते त्या मुलाने सांगितलं. पेरभर खडू! अर्थ नेमका, आणि पहिल्याच मात्रेला पे हा दीर्घ स्वर मिळाला, उभं राहायला जागा झाली.

दुसऱ्या ओळीत सोडत नाही, एक पायरी असं होतं. एक-मधला क तिसऱ्या मात्रेवर संपतो आणि पा चौथ्यावरून पाचव्यावर ओढला जातो, त्यामुळे पाचव्या मात्रेवर खाली येते तिथे कुठलंच अक्षर सुरू होत नाही आणि मुलांना आधार राहत नाही, दर वेळी तिथेच गळती. एक काढून मधली घातलं. मधली पायरी. अर्थही जास्त खरा झाला, कारण बाई मधलीच पायरी सोडू देत नाहीत, उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी दाखव म्हणतात. कागदावर मात्रा मोजल्या तर नऊ भरतात, पण बोलताना आपण पाय-री असं म्हणतो, पा तोडून. म्हणून म ध ली ऽ, पा य री ऽ असं बसवलं, पा-ला एकच मात्रा. वहीतला हिशेब आणि तोंडातला हिशेब यांत तोंडातला खरा मानायचा हे ठरलं.

कोपऱ्यात-चं पण असंच, को प ऱ्या ऽ, त ती ऽ ऽ. एका मुलाने विचारलं की जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरू होतं ना, मग प-ला दोन मात्रा का नाहीत. प्रश्न एकदम बरोबर. सूर्य म्हणताना य जोडताना आधीच्या अक्षरावर आघात येतो, कोपऱ्यात म्हणताना येत नाही, म्हणूनच तो ऱ्य वेगळा लिहितात. आघात नसेल तर अक्षर लघुच राहतं. दोघांनी पाच मिनिटं सूर्य-कोपऱ्या सूर्य-कोपऱ्या करून स्वतःची खात्री करून घेतली. बाईंचीच मुलं ही, मधली पायरी बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

२० जानेवारी

तिसरं कडवं अडलंय. शेवटचा बाक. आठवणी सांगून झाल्या आता निरोप पाहिजे, पण जाऊ नका, विसरू नका, डोळे भरले अशा ओळी यायला लागल्या आणि त्या म्हणताना मुलं एकमेकांकडे बघून अवघडतात. बारा वर्षाच्या मुलाला समोर उभं राहून डोळे भरले असं गायला लावणं मला बरोबर वाटत नाही. डोळे भरायचे असतील तर भरतील, ते गाण्यात लिहायला नको. त्यापेक्षा बाईंसाठी आपण काय करणार ते लिहू.

२१ जानेवारी

शब्दांच्या टीममधल्या मुलीने सकाळी येताच सांगितलं: बाई आम्हाला आता तू शिकव म्हणतात ना, मग आपण पण त्यांना बसा म्हणू. शेवटचा तो, बाक ठेवू. येऊन बसा, गणित दाखवू. गणित दाखवू-मध्ये परत तोच मात्रांचा प्रॉब्लेम, दा चौथ्या मात्रेवर. तिनेच दोन मिनिटांत बदललं, आम्ही शिकवू. आ ऽ म्ही ऽ, शि क वू ऽ, एकदम सरळ. मी काहीच केलं नाही.

पूर्ण गाणं आता असं:

चुकलं तर, परत बघू
थांबू जरा, सोबत बघू
बाई म्हणता, घाई नको
चुकलं तर, परत बघू

पेरभर खडू, उरला तरी
सोडत नाही, मधली पायरी

कोपऱ्यात ती, चौकट राही
सुटल्याशिवाय, पुसली नाही

शेवटचा तो, बाक ठेवू
येऊन बसा, आम्ही शिकवू

प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद. चार ध्रुवपदं आणि तीन कडवी मिळून १७६ सेकंद, तीन मिनिटांच्या आत. कडव्यांना मुद्दाम वेगळी चाल फार नाही केली, पंचमावरून सुरू करून रे-वर सोडली आहे, म्हणजे ध्रुवपदाचा सा ऐकायला कान तयार राहतो आणि मुलांना परत कुठे यायचं ते सांगावं लागत नाही.

२४ जानेवारी

पाठ झालंय. आता नवीन दुखणं: पळतायत. सुरुवात १२० ला केली, शेवटच्या ध्रुवपदाला मोजलं तर १३८. आणि सगळ्यात जास्त पळतात ते घाई नको याच ओळीत.

मला वाटलं उत्साह. मग फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकलं तेव्हा कारण कळलं. शब्द मुलं वेगाने म्हणतच नाहीयेत, शब्द लयीतच आहेत, पळते ती रिकामी जागा. बघू नंतरच्या दोन मात्रा कुणी पूर्ण मोजत नाही, घू कापून पुढच्या ओळीवर उडी मारतात. प्रत्येक अर्ध्या ओळीत जवळजवळ एक-एक मात्रा खाल्ली की एवढा फरक पडतो. म्हणून हळू म्हणा असं सांगून काहीच उपयोग होत नव्हता, हळू म्हणा म्हटलं की ते शब्द ओढायचे आणि जागा तरी खायचेच.

आज असं केलं: पाचव्या मात्रेला हात बाजूला उघडायचा, आणि तो उघडलेला हात सातव्या-आठव्या मात्रेत सावकाश परत आणायचा, हात जागेवर आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. शरीराला काम दिलं की जागा भरते. पहिल्याच वेळी १२४ वर आले. शिवाय पेटी मी ओळीच्या शेवटी बंद करत होते, तीही चूक माझी, पेटी थांबली की मुलांना वाटतं ओळ संपली. आता घू संपेपर्यंत भाता चालू ठेवायचा आणि प सोडायचा नाही.

२७ जानेवारी

हॉलमध्ये पहिल्यांदा. वर्गात सुंदर वाटणारं गाणं हॉलमध्ये पातळ झालं. दोन गोष्टी केल्या. आधी मुलं उंचीप्रमाणे उभी होती, ती बदलून स्वर पक्का असलेली सहा मुलं वेगवेगळ्या ठिकाणी पेरली, सगळी एका बाजूला असली की दुसऱ्या बाजूची मुलं ऐकून चुकीचं उचलतात. आणि माइक दोनच, पुढे तोंडाजवळ न ठेवता जरा लांब आणि उंच, कारण जवळच्या माइकमध्ये चार मुलांचाच आवाज येतो आणि वर्ग ऐकू येत नाही.

सुरुवातीचा स्वर हा वेगळाच विषय निघाला. पेटीवर सा दाबून धरला आणि एक-दोन-तीन म्हटलं तर निम्मी मुलं प-वरून सुरू झाली, मोठ्या हॉलमध्ये नुसता एक स्वर ऐकून नेमकी जागा सापडत नाही. म्हणून शेवटची अर्धी ओळच वाजवायची, रे रे ग रे सा, मुलं मनात परत बघू म्हणतात आणि तोंड उघडतात तेव्हा आपोआप सा-वर असतात. तीनदा केलं, तिन्ही वेळा सगळे एकत्र सुरू झाले.

३० जानेवारी

शेवटचा सराव. दुसऱ्या कडव्यात दोन मुलं थेट तिसऱ्यावर गेली. कडव्यांचा क्रम विसरण्यावर आमच्या वर्गाचा उपाय: खडू, चौकट, बाक, म्हणजे हात, फळा, वर्गाचा शेवट, बाईंच्या हातापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जायचं. कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. नवीन काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं ते पाळलं. सकाळी बाई वर्गावरून जाताना थांबल्या आणि विचारलं की रोज शेवटच्या तासाला इतकं काय चाललंय, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, काही नाही बाई.

३१ जानेवारी

झालं.

दुपारी हॉल भरलेला. खंजिरी वाजवणाऱ्याचे हात गार पडले होते, मी त्याला फक्त पहिल्या ओळीला वाजवू नकोस म्हटलं, वर्ग सुरू होऊ दे मग घे. रे रे ग रे सा वाजवलं आणि चुकलं तर एकत्र निघालं. पेरभर खडू ऐकल्यावर बाईंनी हातातल्या रुमालाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बोटांकडे. दुसऱ्या ध्रुवपदापासून हॉलमधल्या लोकांनी टाळ्या धरल्या, त्या भराभर पुढे जायला लागल्या, मला भीती हीच होती. मुलांनी ऐकलं नाही. हात बाजूला उघडले, सावकाश परत आणले, आणि हॉलच्या टाळ्यांनाच मुलांच्या लयीवर यावं लागलं. मी एवढं घट्ट कधी भाता धरला नसेल.

शेवटच्या ओळीला वर्ग थांबला. चुकलं तर. आणि त्या पाच जणांनी परत बघू म्हटलं, एकाचा आवाज मधेच फाटला आणि त्याने तसाच पुढे नेला.

बाई भाषणात फार काही बोलल्या नाहीत. कार्यक्रम संपून लोक बाहेर जायला लागल्यावर त्या पेटीपाशी आल्या आणि मला विचारलं, तुम्ही लोक दर ओळीला मध्येच हात असा बाजूला का करता, तिथे टाळी का नाही? मी सांगितलं की बाई तो खालीचा हात, पाचवी मात्रा, तिथे टाळी वाजवायची नसते. त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठ्याने एक ते आठ मोजलं, पाचला थांबल्या, परत मोजलं. म्हणजे चार अधिक चार, म्हणाल्या, आणि दुसऱ्या चाराची सुरुवात रिकामी. हो, म्हटलं. मग मी मघाशी चुकीच्या जागी टाळ्या दिल्या सगळ्या, असं म्हणून त्यांनी जवळच्या मुलीला बोलावलं, तिने बाकीच्यांना. अर्धा वर्ग होता तिथे, काहीजण दप्तर पाठीला लावलेले. मी पेटी बंद केली होती, उघडायला गेले तर बाई म्हणाल्या राहू दे. त्या खुर्चीत बसल्या, हात तयार धरला, आणि मुलांनी कुणी स्वर न देता सुरू केलं. पहिल्या दोन ओळींना बाईंचा हात उशिरा उघडत होता, तिसरीला बरोबर पाचव्या मात्रेवर आला. पट्टी कुठली लागली होती ते मी बघितलंच नाही.